जुन्या वादाच्या बातमीसोबत घटनाक्रमाची चौकट कशी करावी

एखादा जुना वाद पुन्हा पेटला की डेस्कवर ठरलेली सूचना येते: "सोबत घटनाक्रम लावा." नवा उपसंपादक जुन्या बातम्या उघडतो, तारखा उतरवून घेतो आणि वीस-पंचवीस नोंदींची लांबलचक पट्टी तयार करतो. त्यातलं निम्मं मुख्य बातमीतच असतं. उरलेल्या निम्म्याचा आजच्या घडामोडीशी काय संबंध, हे वाचकाला कळत नाही. तारखा सगळ्या बरोबर असूनही चौकट वाया जाते.

मी डेस्कवर बरीच वर्षं अशा चौकटी केल्या आणि तपासल्या आहेत. त्यातून हाती आलेली पद्धत इथे एका खऱ्या वादावर करून दाखवतो. वाद आहे कावेरीच्या पाण्याचा, आणि बातमीचा दिवस २१ सप्टेंबर २०२३. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. कर्नाटकने तमिळनाडूसाठी १५ दिवस ५,००० क्युसेक पाणी सोडावं, असा तो आदेश होता. ही आपली मुख्य बातमी. आता तिच्या शेजारी २०० शब्दांची चौकट द्यायची आहे.

## बसण्याआधी जवळ काय हवं

- मुख्य बातमीचा शेवटचा मसुदा. बातमीदाराने फोनवर सांगितलेला सारांश पुरत नाही.
- मूळ कागद: न्यायालयाचे निकाल, लवादाचे निवाडे, राजपत्रातल्या अधिसूचना, करारांच्या प्रती. सगळे मिळाले नाहीत तरी ज्या नोंदीत आकडा किंवा अट आहे, तिचा कागद हवाच.
- आपल्याच संग्रहातल्या जुन्या बातम्या. या शोधासाठी वापरायच्या, पुराव्यासाठी नाही.
- एक्सेलची साधी फाईल.
- पान लावणाऱ्याकडून मिळालेली जागा, शब्दांत. जागा न विचारता लिहायला बसलं की शेवटी कापाकापी होते, आणि घाईत नेमकी महत्त्वाची नोंद उडते.

## १. मुख्य बातमी वाचा आणि अडलेला प्रश्न लिहून काढा

ज्याला वाद माहीत नाही अशा वाचकाच्या नजरेने मसुदा वाचा. जिथे तो थांबेल तिथे खूण करा.

आपल्या बातमीत न्यायालयाने काय म्हटलं, पाणी किती आणि किती दिवस सोडायचं, दोन्ही राज्यांची बाजू काय, धरणांत साठा किती, आंदोलनं कुठे झाली, हे सगळं असेल. तरी वाचक तीन जागी अडखळेल. हे प्राधिकरण आलं कुठून? सर्वोच्च न्यायालयाने पाणीवाटप आधीच ठरवून दिलं होतं ना, मग आता भांडण कशाचं? आणि आकडे दर वेळी वेगळे का ऐकू येतात?

हे तीन प्रश्न म्हणजे तुमच्या चौकटीचं काम. वादाचा अख्खा इतिहास सांगायचं काम तिला कुणी दिलेलं नाही. प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा. पुढे कोणती नोंद ठेवायची आणि कोणती काढायची, हे तेच ठरवतात.

याच टप्प्यावर बातमीदाराशी बोलून घ्या. बहुतेक मसुद्यांत चौथा-पाचवा परिच्छेद "या वादाची पार्श्वभूमी अशी की…" असा असतो. चौकट येणार असेल तर तो परिच्छेद दोन ओळींवर आणायला सांगा. तो तसाच राहिला तर तुमची चौकट कितीही नेटकी झाली तरी वाचक तेच दोनदा वाचेल. मात्र एक पथ्य पाळायचं: जी गोष्ट समजल्याशिवाय मुख्य बातमीच कळत नाही, ती बातमीतच राहू द्या. चौकट सगळे वाचत नाहीत. मोबाईलवर तर ती बऱ्याचदा बातमीच्या तळाशी जाते.

## २. कच्ची यादी करा, आणि एक रकाना जपून भरा

एक्सेलमध्ये सहा रकाने करा: तारीख, काय घडलं, कुणी केलं, त्यानंतर काय बदललं, कोणत्या कागदात आहे, मुख्य बातमीत आहे का.

चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. "त्यानंतर काय बदललं?" याचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर बहुधा ती नोंद चौकटीची नाही. कावेरीच्या यादीतल्या दोन ओळी बघा.

पहिली: २ जून १९९०, केंद्राने कावेरी पाणी तंटा लवाद नेमला. काय बदललं? राज्याराज्यांतल्या वाटाघाटी संपल्या आणि पाणी वाटण्याचा अधिकार निवाडा देणाऱ्या संस्थेकडे गेला. उत्तर पटकन मिळालं, नोंद राहिली.

दुसरी: सप्टेंबर २०१६, न्यायालयाच्या पाणी सोडण्याच्या आदेशानंतर बंगळुरूत हिंसाचार. काय बदललं? पाणीवाटपाच्या नियमात काहीच नाही.

ही दुसरी नोंद काढताना हात थांबतो, आणि थांबायला हवा. ज्या घटनेत माणसांचे जीव गेले, गाड्या जळल्या, ती क्षुल्लक म्हणून आपण गाळत नाही. आजची बातमी पाणी कुणाच्या आदेशाने आणि कोणत्या हिशोबाने सुटतं याची आहे, म्हणून ती बाजूला ठेवतो. उद्या बातमी 'बंद'ची किंवा बंदोबस्ताची असेल, तेव्हा डिसेंबर १९९१ आणि सप्टेंबर २०१६ मधले हिंसाचार चौकटीत येतील आणि लवादाच्या बऱ्याच तारखा बाहेर जातील. कच्ची यादी तीच राहते, चौकट मात्र बातमीनुसार वेगळी होते. म्हणूनच काढलेल्या ओळी पुसू नका. रंग बदलून खाली ठेवा.

सहाव्या रकान्यात "हो" असेल ती नोंद सरळ काढा. २१ सप्टेंबर २०२३ चा आदेश चौकटीत येणार नाही, कारण तीच मुख्य बातमी आहे. नवख्यांना हे पटायला वेळ लागतो. घटनाक्रम आजपर्यंत आणून पूर्ण करावा असं वाटतं. पण वाचक आत्ताच तो मथळा वाचून आला आहे. चौकट मुख्य बातमी सुरू होते त्याच्या एक पायरी आधी थांबली पाहिजे.

## ३. सुरुवात कुठून करायची ते विचारपूर्वक ठरवा

पहिली तारीख कुणाची तरी बाजू घेते. लांबलेल्या वादात दोन्ही पक्षांची गोष्ट वेगवेगळ्या दिवशी सुरू होते, आणि आपण एक दिवस उचलला की नकळत एकाची गोष्ट सांगू लागतो.

कावेरीत १८९२ आणि १९२४ असे दोन करार आहेत, म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा यांच्यातले. १८९२ पासून सुरुवात केली तर वरच्या संस्थानावर इंग्रजी अमदानीत अटी लादल्या गेल्या, ही कर्नाटकची तक्रार पुढे येते. १९९१ पासून सुरुवात केली तर तमिळनाडूला पाणी द्यायचा आदेश आणि तो न पाळणं, एवढीच गोष्ट दिसते.

मी वापरतो तो निकष असा: ज्या कागदाच्या अर्थावरून आणि मुदतीवरून पक्षकार न्यायालयात मुख्यतः भांडले, तिथून सुरुवात करा. इथे तो कागद १९२४ चा करार. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९७४ मध्ये, तो संपला की नाही यावरच पुढची कित्येक वर्षं युक्तिवाद झाले. १८९२ च्या कराराचा उल्लेख त्याच नोंदीत करता येतो. त्याला वेगळी ओळ नको, पण तो गाळायलाही नको.

## ४. तारीख नेमकी कशाची, हे तपासा

सर्वाधिक चुका इथे होतात. एकाच निर्णयाला तीन-चार तारखा असतात: निकाल दिला तो दिवस, राजपत्रात आला तो दिवस, अंमल सुरू झाला तो दिवस, आणि वृत्तपत्रात छापून आला तो दिवस. जुन्या बातमीतून तारीख उचलली तर बहुधा चौथी हाती लागते, म्हणजे एक दिवस पुढची.

कावेरीत हा फरक एका दिवसाचा नाही, सहा वर्षांचा आहे. लवादाने अंतिम निवाडा ५ फेब्रुवारी २००७ ला दिला. तो राजपत्रात आला फेब्रुवारी २०१३ मध्ये, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. "२०१३ मध्ये अंतिम निवाडा" असं लिहिलं तर मधली सहा वर्षं गायब होतात. फक्त "२००७ मध्ये निवाडा" लिहिलं तर तेव्हापासून तो लागू होता असा समज होतो. हा खोळंबाच वादाचा मोठा भाग आहे, म्हणून इथे दोन नोंदी हव्यात.

तारखेबरोबर नेमकं क्रियापद लिहायची सवय लावा: दिला, प्रसिद्ध केला, लागू झाला, स्थगित केला. "निर्णय झाला" या शब्दांतून काहीच कळत नाही. आणि दोन कागदांत दिवस जुळत नसेल तर महिना आणि वर्षच द्या. वरच्या राजपत्राच्या नोंदीत मी तेच केलं आहे.

## ५. आकडे एकाच मापाचे आहेत ना, ते बघा

तारखांच्या खालोखाल फसवणारी जागा ही. घटनाक्रमात आकडे एकाखाली एक येतात, त्यामुळे वाचक त्यांची आपोआप तुलना करतो. तुम्ही तुलना केली नसली तरी ती होते.

२००७ च्या निवाड्यात तमिळनाडूचा वाटा ४१९ टीएमसी होता. २०१८ च्या निकालात १७७.२५ टीएमसी हा आकडा आहे. हे दोन एकाखाली एक छापले तर तमिळनाडूचं पाणी निम्म्याहून कमी झालं, असाच अर्थ निघेल. खरं तसं नाही. ४१९ हा तमिळनाडूचा एकूण वाटा, त्यात त्या राज्यात नदीला मिळणारं पाणीही धरलेलं आहे. १७७.२५ म्हणजे कर्नाटकने सीमेवर बिलिगुंडलू इथे सोडायचं पाणी. सारख्याची तुलना करायची तर एकूण वाटा ४१९ वरून ४०४.२५ झाला आणि सीमेवरचं पाणी १९२ वरून १७७.२५ झालं. दोन्हीकडे फरक १४.७५ चाच. हा मेळ बसला की आकडे बरोबर वाचल्याची खात्री होते. बसला नाही तर कुठेतरी दोन मापं मिसळली आहेत, असं समजा.

१९९१ चा २०५ टीएमसीचा आकडा आणखी वेगळा. तो मेट्टूर धरणात पोहोचणाऱ्या पाण्याचा. बिलिगुंडलू आणि मेट्टूर यांच्यामध्येही नदीला पाणी मिळतं, त्यामुळे २०५ आणि १९२ यांची थेट वजाबाकी करता येत नाही. उपाय सोपा: चौकटीत एकच माप निवडा, आणि ज्या नोंदीत ते बदलतं तिथे ठिकाणाचं नाव लिहा.

आता मुख्य बातमीकडे परत बघा. तिथे क्युसेक आहे, चौकटीत टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते. टीएमसी म्हणजे एकूण किती अब्ज घनफूट ते. सांधा जोडून दिला नाही तर वाचकाला ५,००० हा १७७ पेक्षा प्रचंड वाटेल. हिशोब करा: ५,००० गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणिले १५ दिवस, म्हणजे ६.४८ अब्ज घनफूट, साधारण साडेसहा टीएमसी. हे वाक्य चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरात द्या. माझ्या मते अख्ख्या चौकटीत वाचकाच्या सगळ्यात उपयोगी पडणारी ओळ हीच आहे.

## ६. दाव्याला दावा म्हणा

एका ओळीच्या नोंदीत पक्षपात शिरायला एक शब्द पुरतो. "१९७४: करार संपला" असं लिहिलं की आपण कर्नाटकच्या बाजूने बोललो. "करार संपल्याचा कर्नाटकचा कांगावा" लिहिलं की तमिळनाडूच्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार १९७४ मध्ये संपल्याचं मान्य केलं हे खरं, पण १९७४ च्या नोंदीत तो निकाल मागे नेऊन बसवू नका. त्या वर्षी ते ठरलेलं नव्हतं, आणि ठरलेलं नव्हतं म्हणूनच वाद पुढे गेला.

आडमुठेपणा, दिलासा, दणका, चपराक, विजय असे शब्द मुख्य बातमीच्या मथळ्यात कुणी वापरत असेल, घटनाक्रमात ते नकोत. एका राज्याला दिलासा तोच दुसऱ्याला दणका असतो. "न्यायालयाने १४.७५ टीएमसी कमी केले" हे दोन्ही राज्यांतल्या वाचकाला सारखंच वाचता येतं.

## ७. आता लिहा

प्रत्येक नोंद १० ते २५ शब्दांची असावी. कर्ता पहिला, मग कृती, मग परिणाम. "यानंतर", "दरम्यान" असले सांधे नकोत, ते काम तारीखच करते. आधीची नोंद वाचली नसली तरी प्रत्येक नोंद कळली पाहिजे, म्हणून "त्या आदेशाला" असं न लिहिता कोणता आदेश ते लिहा. तयार चौकट अशी:

> कावेरी: इथवर कसं आलं
>
> १८९२, १९२४: म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा यांच्यात दोन करार. दुसऱ्या करारातल्या काही कलमांचा ५० वर्षांनी फेरविचार करायचं ठरलं.
>
> १९७४: पन्नास वर्षं पूर्ण. कर्नाटकच्या मते करार संपला. तमिळनाडूच्या मते फक्त काही कलमांचा फेरविचार बाकी होता.
>
> २ जून १९९०: सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्राने पाणी तंटा लवाद नेमला.
>
> २५ जून १९९१: लवादाचा अंतरिम आदेश. मेट्टूर धरणात वर्षाला २०५ टीएमसी पोहोचेल इतकं पाणी कर्नाटकने सोडावं.
>
> ५ फेब्रुवारी २००७: लवादाचा अंतिम निवाडा. सीमेवर बिलिगुंडलू इथे वर्षाला १९२ टीएमसी. पाणी कमी असलेल्या वर्षी सर्व राज्यांचे वाटे त्या प्रमाणात घटतील.
>
> फेब्रुवारी २०१३: सर्वोच्च न्यायालयाने मुदत घातल्यावर केंद्राने २००७ चा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध केला.
>
> १६ फेब्रुवारी २०१८: सर्वोच्च न्यायालयाने बिलिगुंडलूचा आकडा १९२ वरून १७७.२५ टीएमसी केला.
>
> १ जून २०१८: केंद्राच्या अधिसूचनेने व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वात. कोणत्या वेळी किती पाणी सोडायचं ते आता प्राधिकरण ठरवतं.
>
> *१ टीएमसी = १ अब्ज घनफूट. ५,००० क्युसेकने १५ दिवस पाणी सोडल्यास साधारण ६.५ टीएमसी होतं.*

पहिल्या पायरीवर लिहिलेले तीन प्रश्न आता ताडून बघा. प्राधिकरण कुठून आलं, हे शेवटच्या नोंदीत आहे. आकडे वेगळे का, याचं उत्तर मेट्टूर आणि बिलिगुंडलू या दोन नावांत आणि २०१८ च्या नोंदीत आहे. आणि सगळं ठरलेलं असताना भांडण का? २००७ च्या नोंदीतलं शेवटचं वाक्य वाचा. तुटीच्या वर्षी वाटे घटणार हे ठरलं आहे. किती तूट आहे आणि तिचा भार कोणत्या महिन्यात कुणी किती उचलायचा, यावर दर वेळी खटका उडतो. शब्द कमी पडले तर १९९० ची नोंद काढा, हे वाक्य नाही.

## ८. रिकाम्या वर्षांकडे लक्ष द्या

१९२४ नंतर आपण एकदम १९७४ वर उडी मारली आहे. वाचकाला हे चालतं, कारण पुढच्या नोंदीत "पन्नास वर्षं पूर्ण" असं कारण आहे. १९७४ ते १९९० मध्ये मात्र तसा दुवा नाही. तिथे १९८६ मध्ये तमिळनाडूने लवादाची मागणी केली, ती नोंद घालायचा मोह होतो. जागा असेल तर घाला. नसेल तर १९९० च्या नोंदीत "तमिळनाडूच्या १९८६ मधल्या मागणीनंतर" एवढे शब्द जोडा. फार मोठी पोकळी निव्वळ भरायची म्हणून एखादी बैठक किंवा मंत्र्याचं विधान टाकू नका. चौथ्या रकान्यात त्याच्यासमोर काहीच लिहिता आलेलं नसतं.

## ९. छापायच्या आधी

मुख्य बातमी आणि चौकट शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. तीन गोष्टी तपासायच्या. दोन्हीकडे आलेलं एकही वाक्य नको. एखादा आकडा दोन्हीकडे येऊ शकतो, वाक्य नाही. नावं आणि लेखन सारखं हवं: एकीकडे "बंगळुरू" आणि दुसरीकडे "बेंगळुरू" नको, एकीकडे "लवाद" आणि दुसरीकडे "न्यायाधिकरण" तर नकोच, कारण वाचकाला त्या दोन वेगळ्या संस्था वाटतात. आणि मुख्य बातमी रात्री बदलली असेल तर चौकटही पुन्हा बघा. बातमीदाराने शेवटच्या क्षणी प्राधिकरणाच्या स्थापनेवर परिच्छेद टाकला, तर तुमची शेवटची नोंद आता पुनरावृत्ती झालेली असते.

एक्सेलची फाईल वादाच्या नावाने, कागदांच्या दुव्यांसह डेस्कच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा. २१ सप्टेंबर २०२३ ची ओळ त्यात आजच भरा, चौथा रकाना मात्र रिकामा सोडा. त्या आदेशाने काय बदललं, हे पुढच्या तुटीच्या वर्षी ज्याच्यावर चौकट करायची पाळी येईल त्याला भरता येईल.